मिक्सर कुठे आहे

रंगाच्या कारखान्यात मेल पाठवणारी म्हणून तिला सगळे मेलबाईच म्हणत. कॉम्प्युटर विभागात ती नऊ वर्षं होती. सिस्टीम बंद राहणार असेल, पासवर्ड बदलायचे असतील, प्रिंटर हलवायचा असेल, की सूचना तिनेच लिहायची. कुणी त्या वाचत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. म्हणून तीही फार जीव ओतून लिहीत नसे.

मार्चमधली सूचना तर चार मिनिटांत उरकली होती. शुक्रवारी संध्याकाळी पाच चाळीसला, खांद्याला पर्स अडकवूनच पाठवली होती. 'नियोजित देखभालीच्या कारणास्तव रविवारी प्रणालीच्या काही सेवा अल्पकाळ बाधित होऊ शकतात. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' झालं. किती वाजता, कुठली सेवा, तोवर माणसांनी काय करायचं, यातलं एक अक्षर नाही. दिलगिरी मात्र ऐसपैस.

त्या रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला फिटरकाकांच्या उजव्या हाताची तीन बोटं रंग ढवळायच्या मिक्सरमध्ये गेली.

काका तिथे एकवीस वर्षं होते. कुठल्याही यंत्रात हात घालण्याआधी तिथे सिस्टीमवर परमिट, म्हणजे कामाची परवानगी, काढावं लागे. परमिट निघालं की एक कोड येई, त्या कोडने लॉकचं कपाट उघडे, आणि त्यातलं लॉक यंत्राच्या मेन स्विचला लागे. लॉक काकांचं, किल्ली काकांच्या खिशात, म्हणजे दुसऱ्या कुणाला यंत्र चालू करताच येणार नाही. पद्धत चांगलीच होती. पण त्या दिवशी सिस्टीम बंद, म्हणून कोड नाही, म्हणून कपाट उघडेना. त्याची एक जादा किल्ली होती, ती सुपरवायझरच्या खणात, आणि हे काकांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. पाती अडकलेली, आत रंग घट्ट होत चाललेला. काकांनी मेन स्विच खाली ओढला, 'काम चालू आहे' लिहून पुठ्ठा सुतळीने बांधला आणि कामाला लागले. सुतळी सुटली, पुठ्ठा पॅनेलच्या मागे पडला. ऑपरेटरने पाहिलं, स्विच बंद. भिंतीवरच्या स्क्रीनकडे पाहिलं, मिक्सरपुढे हिरवा दिवा, 'कुठलंही काम चालू नाही.' आता सिस्टीम बंद पडली की तो स्क्रीन काळा होत नसे. शेवटचं पान तसंच धरून बसे. ते पान सकाळी आठचं होतं. रात्रपाळीवाले स्विच तसाच ठेवून गेले असतील, असं समजून त्याने तो वर केला.

चूक कुणाची म्हणायची? चौकशी बसली, आणि पहिल्याच बैठकीत एक वाक्य कागदावर आलं, 'सूचना सर्वांना वेळेत देण्यात आली होती.' मग उरले काका. लॉक न लावता यंत्रात हात घातला. नोकरी जायची. तोवर त्यांना हत्यारांच्या खोलीत बसवलं होतं, डाव्या हाताने पाने-पकडी मोजून द्यायला.

मेलबाई तीन महिने त्या खोलीवरून गेली नाही. जेवायला जाताना मागच्या जिन्याने जायची. विचारलं तर म्हणायची, तेवढाच व्यायाम.

जूनमध्ये सिस्टीम पुन्हा बंद ठेवायची वेळ आली. डेटा नव्या सर्व्हरवर हलवायचा होता, बुधवारी. तिच्या विभागाच्या साहेबांनी नेहमीच्या सुरात सांगितलं, "मागचीच सूचना काढ, तारीख बदल आणि टाक."

तिने मागची सूचना उघडली. ही सूचना ती त्या दिवसानंतर पहिल्यांदाच वाचत होती. छापून घरी नेली आणि आईला वाचून दाखवली. आईचा कारखान्याशी काडीचा संबंध नाही, पण डोकं शाबूत. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "बरं, मग बंद काय आहे?"

"सिस्टीम."

"ते कळलं गं. पण मी तिथे कामाला असते, तर मी काय करायचं होतं?"

मेलबाईला लाज वाटली. त्याच रात्री तिने सूचना नव्याने लिहायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ती समोरच्या जिन्याने उतरली आणि हत्यारांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. काकांनी मान वर केली. "या मेलबाई. वाट चुकलात वाटतं."

"काका, बुधवारी सिस्टीम बंद आहे. सूचना लिहिलीय. तुम्ही ऐकून सांगा, कुठे अडतंय ते."

काकांनी स्टूल सरकवलं. ती वाचू लागली, काका मधेच थांबवू लागले. एक ते पाच म्हणता, पण पाचला नाही झालं तर? तिने लिहिलं, उशीर झाला तर सहा, आणि सुरू झाल्याचं भोंग्यावर सांगू, तोपर्यंत बंदच समजा. एक वाजता ज्याचं काम अर्धं आहे, त्याचं काय? तिने लिहिलं, लॉक तसंच राहू द्या, चालू परमिटची छापील यादी साडेबाराला पॅनेलच्या खोलीत लागेल. मेल कुणाला जाते? सगळ्यांना, ती म्हणाली. काका हसले. "फिटरला कुठला मेल आलाय? आम्हाला मेलचा पासवर्डच दिलेला नाही, बाई."

हे तिला नऊ वर्षांत माहीत नव्हतं. 'सर्वांना' म्हणून जी यादी होती, तीत एकही फिटर नव्हता.

निघताना काकांनी सहज विचारलं, "मागच्या वेळी पण असा कागद होता का हो? चौकशीत सारखं म्हणतात, सूचना दिली होती. मी काही पाहिली नाही."

"शोधते," ती म्हणाली आणि झटकन बाहेर पडली. शोधायला काय होतं? तिच्याच पर्समध्ये घडी घालून ठेवलेली होती.

नवी सूचना अशी झाली: 'बुधवारी दुपारी एक ते पाच, उशीर झाला तर सहापर्यंत, परमिट सिस्टीम बंद. सुरू झाल्याचं भोंग्यावर सांगू, तोपर्यंत बंदच समजा. नवीन परमिट निघणार नाही, जुनं बंद करता येणार नाही, लॉकच्या कपाटाचा कोड येणार नाही. भिंतीवरचे स्क्रीन जुनी माहिती दाखवतात, म्हणून पाऊण वाजताच आम्ही ते बंद करू. चालू दिसला तरी विश्वास ठेवू नका. या वेळात परमिट कागदी वहीवर, वही सुपरवायझरकडे. कपाटाची किल्लीही त्यांच्याकडे, सही करून घ्या. लॉक लावल्याशिवाय यंत्राला हात नाही. काम अर्धं असेल तर लॉक तसंच राहू द्या, चालू परमिटची यादी साडेबारापासून पॅनेलच्या खोलीत. स्विच बंद दिसला तर वर करू नका, आधी वही बघा आणि सुपरवायझरला विचारा. वहीतली परमिटं सिस्टीमवर चढवून झाली, असं सांगेपर्यंत वहीच खरी.' खाली फोन नंबर. कागद मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक पॅनेलवर, आणि तीन पाळ्यांना तोंडी.

साहेबांनी वाचली आणि चष्मा काढला. "एवढं? 'स्क्रीन जुनी माहिती दाखवतात' हे कशाला? लोक म्हणतील, हे आधी माहीत होतं, तर मग मार्चमध्ये का नाही सांगितलं?"

"माहीत होतं, साहेब."

"तू जरा अति करतेस," साहेब म्हणाले. पण कागद अडवला नाही. बुधवारी पुन्हा काही घडलं असतं, तर तेही त्यांच्याच गळ्यात आलं असतं.

बुधवार सुरळीत गेला. चार परमिटं वहीवर निघाली, चार लॉकं लागली, सगळ्यांचे हात जागेवर राहिले. सेफ्टी ऑफिसरने पाठ थोपटली. तिला वाटलं, चला, थोडं तरी फिटलं.

कसलं फिटतंय. पुढच्या आठवड्यात चौकशीच्या अहवालाचा कच्चा मसुदा टाइप करायला तिच्याकडेच आला. वाक्य तेच होतं, 'सूचना देण्यात आली होती.' त्याखाली, 'नमुना सोबत जोडला आहे.' आणि सोबत जोडलेली सूचना बुधवारची होती. तिची, काकांनी हत्यारांच्या खोलीत सुधारून दिलेली. वरची तारीख, आतले वार आणि वेळा कापून टाकलेल्या. वाचणारा म्हणणार, एवढं स्वच्छ सांगूनही या माणसाने ऐकलं नाही.

ती साहेबांच्या खोलीत गेली. "ही मार्चची नाही."

"नमुना म्हटलंय. नमुना कुठलाही असतो."

"मार्चची माझ्याकडे आहे."

साहेबांनी दार लावून घेतलं. आवाज अगदी मऊ केला. "नीट विचार कर. त्यावर नाव तुझं आहे. शुक्रवारी पाच चाळीसला पाठवलेली. तू ती पुढे केलीस, तर काकांच्या जागी कोण बसेल?"

ती घाबरली. खोटं कशाला सांगायचं. घरात कमावणारी तीच होती. दोन दिवस तिने तो मसुदा टाइप केला नाही, डोकं दुखतंय म्हणत राहिली.

सोमवारी शेवटची सुनावणी होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, पलीकडे चौकशी अधिकारी, अलीकडे काका, धुतलेला शर्ट घालून, उजवा हात मांडीवर झाकून. ती न बोलावता आत गेली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. तिने पर्समधला कागद काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मार्चमध्ये गेलेली सूचना ही आहे. मी लिहिली होती. ज्या यादीला गेली, त्यात फिटर नव्हते."

अधिकाऱ्यांनी वाचली. वाचायला वेळ लागतोय कशाला, दोनच ओळी. "यावरून काम करणाऱ्याला काय कळायला हवं होतं?"

"काही नाही," ती म्हणाली.

निकाल आठ दिवसांनी लागला. काकांची नोकरी राहिली, हत्यारांच्या खोलीतच. तिला कारणे दाखवा नोटीस आली आणि सूचना लिहिण्याचं काम तिच्याकडून काढून घेतलं. पण हे सगळं नंतरचं. तिच्या मनात राहिलं ते त्या खोलीतलं.

अधिकाऱ्यांनी कागद काकांकडे सरकवला. काकांनी आधी डावा हात पुढे केला, मग उजवाही वर आणला, कारण घडी पडलेला कागद सपाट धरायला दोन हात लागतात. उरलेल्या दोन बोटांनी त्यांनी कागद टेबलावर दाबून धरला आणि ओळीवरून हळूहळू नजर फिरवली. दोनदा वाचलं. मागची बाजू उलटून पाहिली, तिथे काही नव्हतं.

"मेलबाई," ते म्हणाले, रागाने नाही, नुसतं विचारल्यासारखं, "यात माझा मिक्सर कुठे आहे?"