बादल दिला त्या दिवशी

नेऱ्याच्या गोदूमावशी माझ्या ऑफिसात आल्या त्या शिक्षा ठरवूनच. "वकीलबाय, हरेशला फसवणुकीचं कलम लावा. सात वर्षांचं. पाचवालं नको."

पनवेलच्या कोर्टासमोर मी बावीस वर्षं बसतेय, पण आधी शिक्षा निवडून मग गुन्हा शोधणारी अशील पहिलीच.

डिसेंबरात मावशींचा पाय मोडला, म्हणून शर्यतीचा बैल बादल त्यांनी भाच्याकडे, हरेशकडे, सांभाळायला दिला. विकायचा नाही, असं बजावूनही सांगितलं. फेब्रुवारीअखेर हरेश रडत आला, म्हणाला, बादल साप चावून मेला. आणि मार्चात उरणच्या शर्यतीच्या व्हिडिओत मेलेला बादल पहिला आला.

"बैल नेला त्या दिवशी हरेश काय खोटं बोलला?" मी विचारलं.

"सगलाच खोटा हाय तो!"

"साप नंतरचा, मावशी. फसवणुकीला मनात खोट आधीपासून लागते, आणि त्या थापेला भुलून तुम्ही बैल दिलेला असावा लागतो. विश्वासाने घेतला आणि पुढे बेइमानीने विकला, तर तो विश्वासघात. पाच वर्षांचा. एकाच बैलापायी दोन्ही लावता येत नाहीत."

"मंग लिवा, पयल्या दिसापासून त्याला इकायचाच व्हता. मी कोर्टात सांगन तसा."

माझं डोकं फिरलं. "खोटं मी लिहिणार नाही. फोन द्या इकडे."

फोनमध्ये हरेशने पाठवलेले त्रेसष्ट व्हिडिओ होते. बादलला घासूनपुसून आंघोळ, उडदाचं पीठ, गोठ्यात नवा पंखा. एकात तो बैलाच्या कानात सांगत होता, "मावशी लवकर बरी होनार हाय रे." मावशींनीच उरणहून काढलेल्या माहितीप्रमाणे बैल घेणारा माणूस त्याला फेब्रुवारीत भेटला होता, आणि त्याच आठवड्यात व्हिडिओ थांबले होते.

मावशी बघत राहिल्या. "म्हंजे तवा तो खरंच जीव लावत व्हता?"

"तेव्हा, हो."

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि चक्क हसल्या. "मना वाटला, घरचा पोरगा मना दोन महिनं गंडवीत व्हता न मी येडी रोज त्याला आशीर्वाद देत व्हते."

सात वर्षांचा हट्ट कशासाठी होता, ते मला तेव्हा कळलं. मलाही भरून आलं, पण वकिलाने रडलं तर फी मागताना अडचण होते.

"पाचवालं लिवा," मावशी म्हणाल्या. "पर लिवा नक्की. सोडायचा नाय त्याला."

गुन्हा नोंदला गेला. पोलिसांनी बैल शोधून आणला, कोर्टाने तो बंधपत्रावर मावशींकडे दिला, आणि हरेश जामिनावर सुटला.

परवा कागदांवर सह्या घ्यायला नेऱ्याला गेले, तर अंगणात हरेश खाली मान घालून बादलला घासत होता. मावशी खुर्चीत बसून बघत होत्या.

"मावशी, हे काय? केस चालू आहे ना?"

"चालूच हाय. धुयाला चांगला हाय तो, पयल्यापासून." त्यांनी मनगट वर करून दाखवलं. बादलचं दावं त्यावर दोन वेढे घेऊन घट्ट बांधलेलं होतं.