हा आणि हां

सांगलीतल्या त्या धर्मादाय दवाखान्यात वाचा सुधारण्याचा विभाग उघडला तेव्हा त्याच्यासाठी खोली नव्हती. म्हणून गाद्यांच्या कोठाराला मधोमध फळकुटं ठोकली. एका बाजूला गाद्या राहिल्या, दुसऱ्या बाजूला मधुकर आला. तो म्हैसूरला जाऊन हे शास्त्र शिकला होता. शिपायापासून विश्वस्तांपर्यंत सगळे त्याला 'बोलके डॉक्टर' म्हणत. बोबडी मुलं, अडखळणारे वकील आणि फाटक्या टाळूची माणसं त्याच्याकडे यायची. बरं झाल्यावर कोणी परत सांगायला येत नसे. त्यामुळे आपण कोणाला बरं केलं आहे की नाही, याबद्दल मधुकरचं ठाम मत नव्हतं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात वडूजकडून जोतिबा आला. एकाहत्तरच्या लढाईत बॉम्बची कपची त्याच्या गालातून शिरून टाळूतून गेली होती. लष्करी इस्पितळाने गाल शिवला, जमेल तेवढी टाळू जोडली, आणि तोंडाच्या छताला सुपारी जाईल एवढं भोक ठेवून त्याला पेन्शनीत काढलं. चहा प्यायला की नाकातून यायचा. बोलायला लागला की आवाजही तिकडूनच यायचा. 'बाबा' म्हणायला जावं तर 'मामा' व्हायचं. गावातली पोरं आधी हसली, मग त्यांनाही कंटाळा आला.

त्याच्याबरोबर हरणाबाई आली होती. ही त्याची आई नव्हे, शेजारीण. तिचा गुंडा जोतिबाच्याच पलटणीत होता. दोघं एकाच दिवशी भरती झाले, एकाच खड्ड्यात होते, आणि त्यातला एकच परत आला. सरकारने हरणाबाईला गुंडा वीरगतीस गेल्याचं कळवलं होतं. कसा गेला, ते कळवलं नव्हतं. सरकारला ते विचारायचं कुणाकडे जाऊन, हे तिला ठाऊक नव्हतं. जोतिबाचं घर मात्र भिंतीला भिंत लागून होतं.

मग गावाने सरळ हिशेब मांडला. जोतिबाला सांगायचं आहे, पण टाळू फुटली आहे. टाळू नीट झाली की तो सांगेल. हा हिशेब इतका सोपा होता की कोणालाच त्यात चूक दिसली नाही. जोतिबा सांगलीला निघाला की हरणाबाई भाकरी बांधून एस्टीत त्याच्या शेजारी बसायची. विट्याला गाडी बदलायची. प्रवासात ती काही विचारायची नाही. अजून टाळू नीट व्हायची होती.

दातांच्या डॉक्टरांनी जोतिबाच्या तोंडाचं माप घेऊन एक गुलाबी पट्टी बनवली. ती दाढांना आकड्यांनी अडकायची आणि भोक झाकायची. गावाकडे तिला कवळी म्हणू लागले. पट्टी बसल्यावर चहा नाकातून यायचा थांबला. पुढचं काम मधुकरचं होतं.

मधुकरने पहिल्या दिवशीच दोघांना समजावून सांगितलं. तोंडाच्या छताच्या मागच्या टोकाला एक मऊ पडदा असतो. तो वर उचलला की नाकाची वाट बंद होते आणि सगळा आवाज तोंडातून जातो. खाली सोडला की थोडी हवा नाकातून निसटते. 'हा' म्हणताना पडदा वर. 'हां' म्हणताना पडदा खाली. जीभ तीच, ओठ तेच, जबडा तेवढाच उघडा. फरक फक्त नाकातल्या हवेचा, पण एकाने माणूस दाखवायचा आणि दुसऱ्याने होकार द्यायचा.

"पडदा हाय का पर ह्याचा?" हरणाबाईने विचारलं.

आहे, मधुकर म्हणाला. भोक त्याच्या पुढे, हाडाच्या भागात आहे. पडदा शाबूत आहे. फक्त दोन-तीन वर्षं उचलून उपयोग नव्हता, म्हणून तो उचलणं विसरला असेल. शिकवलं की येईल.

"शिकीव बाबा," हरणाबाई म्हणाली, आणि गाद्यांना टेकून बसली.

साधन म्हणजे एक दाढीचा आरसा. मधुकर तो माठावर ठेवून गार करायचा, पुसायचा, आणि जोतिबाच्या नाकाखाली धरायचा. आवाज सुरू झाल्यावर धरायचा आणि संपायच्या आत काढायचा, नाहीतर साध्या श्वासानेच आरसा धुरकट होतो आणि फुकट गैरसमज होतात. 'आ' म्हटल्यावर आरसा स्वच्छ राहायला हवा. 'आं' म्हटल्यावर धुरकट झाला तर चालेल, उलट तसा व्हायलाच हवा.

जोतिबाचा आरसा दर वेळी धुरकट व्हायचा. 'आ' म्हण, धुरकट. 'ई' म्हण, धुरकट. 'पापा' म्हण तर 'मामा', आणि वर धूर. पट्टीला फट असेल म्हणून मधुकरने ती परत पाठवली. दातांच्या डॉक्टरांनी तिला आणखी एक थर दिला आणि निरोप धाडला की आपण पट्टी बनवतो, गवई बनवत नाही. तरी धूर तसाच. असं आठवड्यामागून आठवडे चाललं. जोतिबा कधी रागावला नाही, कंटाळला नाही, आणि सुधारलाही नाही. खुर्चीत पोतं ठेवावं तसा तो बसायचा. हरणाबाई आरशाकडे अशी पाहायची की त्यात गुंडा दिसणार आहे.

मग एकदा दवाखान्याची रुग्णगाडी अंगणात मागे येत होती. ड्रायव्हर नवा होता, मागे चिंचेचं झाड होतं आणि झाडाखाली एक बाळंतीण निजली होती. मधुकर खिडकीशी उभा राहून ताक पीत होता. हरणाबाई नळावर तांब्या भरायला गेली होती. जोतिबा बाकावरून उठला, गाडीच्या मागे गेला, हात वर केला आणि म्हणाला, "येऊ दे, येऊ दे, डावीकडं दाब, आजून दाब, बास."

गाडी थांबली. मधुकरने ताकाचा पेला खाली ठेवला. त्या वाक्यात दोन 'दाब' होते आणि एक 'बास'. तिन्ही 'ब' ठणठणीत होते. ज्याचा पडदा उचलत नाही त्या माणसाच्या तोंडून 'नाम' आणि 'मास' यायला हवं होतं.

त्याने जोतिबाला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि आरसा टेबलाच्या खणात ठेवून दिला.

"जोतिबा, पट्टी उत्तम बसली आहे," तो म्हणाला. "पहिल्यापासूनच बसली होती ना?"

जोतिबाने गाद्यांकडे पाहिलं. एका गादीतून कापूस बाहेर आला होता. मग तो बोलला. आवाज अगदी साधा होता, वडूजच्या बाजारात कुणाचाही असतो तसा.

"व्हय," तो म्हणाला. "पैल्या दिसापास्नं."

हे असं काही झालं तर पुढे काय विचारायचं, ते मधुकरला म्हैसूरला शिकवलेलं नव्हतं.

"ती इचारनार," जोतिबा म्हणाला. "बोलाय आलं की त्याच दिशी इचारनार. आन काय सांगू सायेब? सकाळी लागलं त्याला. दीस कलल्यावर गेला. पोटात लागलं हुतं. मला वळकीत न्हवता. आई आली का, आई आली का, येवढंच लावलं हुतं. आन माझं हे आसं, तोंडात रगात, टाळू गेल्याली. कायबी बोलाय गेलं की निस्तं गुंगाट. येकच नीट निगत हुतं. हं. हं म्हनत बसलो."

हे सांगताना तो रडला नाही. मधुकरलाही रडू आलं नाही. त्याच्या डोक्यात एवढंच आलं की हे शास्त्राप्रमाणे अगदी बरोबर आहे. टाळूला भोक असलं तरी 'हं' बिघडत नाही. त्याला नाकच लागतं. हे आता बोलण्यासारखं आहे की काय, याचा विचार तो करत होता, तेवढ्यात दार वाजलं.

हरणाबाई तांब्या घेऊन आत आली. तिने एकदा मधुकरकडे पाहिलं, एकदा जोतिबाकडे. खणात गेलेला आरसाही तिच्या लक्षात आला असावा.

"आज न्हाई का आरशावर फुकायचं?" तिने विचारलं.

मधुकर म्हणाला की पट्टी अजून नीट बसत नाही, वेळ लागेल. जोतिबाच्या समोर त्याच्याबद्दल खोटं बोलताना त्याला काहीच वाटलं नाही. पगार खरं बोलण्याचा मिळतो, हेही त्याला आठवलं नाही.

हरणाबाई या वेळी गाद्यांना टेकली नाही. तिने तांब्या जमिनीवर ठेवला आणि जोतिबाच्या समोर उकिडवी बसली.

"ऱ्हाऊ दे बसंना तर," ती म्हणाली. "मी म्हातारी झाले रं. कवापतुर एस्ट्या धरू? जोत्या, मी इचारते. तुला बोलाय येत न्हाई तर नगं बोलू. निस्तं हं म्हन. न्हाईतर अंहं म्हन. तेवढं येतं न्हवं?"

हरणाबाई जराशी पुढे सरकली.

"त्याच्यापाशी कोन हुतं का?"

"हं."

"तूच हुतास."

"हं."

"मानूस जवळ हाय, ह्ये कळत हुतं त्याला?"

मधुकर खिडकीबाहेर पाहू लागला. बाळंतीण उठून बसली होती आणि कुणाकडे तरी पाणी मागत होती.

"हं," जोतिबा म्हणाला.

हरणाबाईने पदराने नाक पुसलं. तिला पडसं होतं किंवा नव्हतं. मग ती म्हणाली, "लय येळ लागला का रं?"

जोतिबाचं तोंड उघडलं. मधुकरला वाटलं, आता हा बोलणार. सगळे 'प' आणि 'ब' जागच्या जागी घालून, स्वच्छ, बाजारातल्या माणसासारखा बोलणार. पडदा वर जाऊ शकत होता. पट्टी उत्तम होती.

"अंहं," जोतिबा म्हणाला.

त्या आवाजाला ना जीभ लागली ना ओठ. दोन तुकडे, मध्ये एक झटका, आणि सगळी हवा नाकातून. यातून अर्थ कसा निघतो, यावर मधुकरने परीक्षेत अर्धं पान लिहिलं होतं आणि त्याला बरे गुण पडले होते.

हरणाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"डाक्टर," ती मधुकरला म्हणाली, "ह्याचं बोलनं काय सुधरंना. आता ह्येला नगा तरास देऊ. जेवढं येतंया तेवढं बास हाय."

मधुकर बरं म्हणाला. त्याने तिला मावशी म्हटलं, पुढच्या आठवड्यात या म्हणायला गेला आणि थांबला.

संध्याकाळी तो सायकलवरून घरी निघाला तेव्हा ती दोघं स्टँडवरच होती. विट्याची गाडी लागली नव्हती. हरणाबाईने फडकं सोडून भाकरी काढली होती. भाकरी कडक झाली होती, पट्टी घालून ती चाववत नाही. जोतिबाने तोंड वळवून पट्टी काढली, रुमालात बांधली आणि खिशात ठेवली. हरणाबाईने भाकरीचा पापुद्रा काढून मऊ भाग त्याच्या हातावर ठेवला. "पान्याबरुबर खा," ती म्हणाली, आणि ठेचा मात्र स्वतःकडे ठेवला, नाकात गेला तर आग होते म्हणून.