बँडखाली राहिलेलं वाक्य
१९९९ साली सिल्वासात सदाशिवने व्हिडिओच्या कामासाठी संगणक घेतला होता. नरोलीच्या केसरबाईने त्याच्याकडे भाच्याच्या लग्नाची कॅसेट आणली. त्या कॅसेटमध्ये तिचा वारलेला नवरा लेकीला, सोनीला, काहीतरी सांगत होता.

संगणकाने लग्नमांडवातल्या जनरेटरची एकसुरी घरघर सहज काढून टाकली. हलणारं चित्रही कडा कापून स्थिर केलं, पण कॅमेऱ्याच्या धक्क्याने फिसकटलेला त्याचा चेहरा तसाच राहिला. बँड तर नेमका शब्दांवरच वाजत होता. सदाशिव दोन दिवस हाताने आवाजाचा एकेक तुकडा साफ करत बसला. बँड दाबला की माणसाचा आवाजही दबायचा.

"काय म्हनले ते, भाऊ?" केसरबाईने विचारलं.

"ताई, 'सोनी' एवढंच कळतं. पुढचं मलाही काढता येत नाही."

"मंग तेवढंच लावा परत."

त्याने लावलं.