शिंपल्यांच्या माळा

प्यो इनसूला आधी वास आला, मग माणूस दिसला.

वास सुक्या शिंपल्यांचा. समुद्राच्या तळातून काढायच्या, मांस उकडून वाळवायचं आणि काडीला ओवून माळा करायच्या. तसल्या दहा माळा एका गड्याच्या खांद्यावर, आणि गड्याच्या पुढं पांढऱ्या रेशमी झग्यात ह्वांगबो चोल. हा बाबा कागद कारखान्याचा प्रमुख. पण त्याला मान होता तो बापाचा. बाप म्हणजे मोठे मंत्री ह्वांगबो, वारून बारा वर्षं झाली, तरी नाव काढलं की लोक बसल्या जागी सावरून बसायचे.

"प्यो दादा, घरात आहात ना? म्हटलं, आपल्या माणसाकडं रिकाम्या हातानं कसं जायचं!"

'आपल्या माणसाकडं' म्हणे! बारा वर्षांत या माणसानं रस्त्यात कधी मानसुद्धा हलवली नव्हती. आज का आला ते उघड होतं. राजे वारले होते, आणि त्यांच्या राज्याचा इतिहास लिहायला कचेरी उघडली होती. त्या काळात दरबारी जो जो इतिहासकार होता, त्यानं घरी ठेवलेली आपली गुप्त टिपणं महिनाअखेर आणून द्यायची, आणि यंदा फर्मान निघालं होतं की वर लिहिणाऱ्याचं नाव पाहिजे. मंत्री ह्वांगबो गेले तेव्हा दरबारी टिपणाला प्यो होता. मोठा माणूस गेला की त्या दिवसाच्या नोंदीत त्याचं आयुष्य लिहायचं, आणि खाली 'इतिहासकार म्हणतो' असं घालून त्याचं बरंवाईट तोलायचं, ही रीत.

"तुम्ही काय लिहिलंय ते मी विचारत नाही हं," चोल ओसरीवर टेकत म्हणाला. "विचारलं तर माझी मुंडी जाईल, सांगितलं तर तुमची. मी एवढंच म्हणतो, मेलेल्या माणसाबद्दल चार शब्द गोड असावेत."

"शिंपल्या घेऊन जा."

"अहो, ठेवा हो! पोरं खातील."

गेला की निघून. माळा ओसरीवरच.

नाव घालायचं म्हटल्यापासून सगळ्या शहराला हगवण लागल्यासारखं झालं होतं. प्योच्या शेजारच्या गल्लीतला कुक दोंगहा, त्याच्या बरोबरीचा इतिहासकार, तर उघड सांगायचा, "माझ्या वहीत आता सगळी देवमाणसं आहेत बघ! जो जिवंत आहे तो देव, ज्याचा पोरगा जिवंत आहे तो महादेव." आणि खो खो हसायचा. प्योला त्याची किळस यायची. मी तसला नाही, हे त्याला रोज स्वतःला सांगावं लागायचं.

माळा उचलून फेकायला तो उठला आणि तो वास नाकात भरला. भरला तसा तो थेट आठ वर्षांचा झाला.

बाप एका डोंगरी तालुक्याचा अधिकारी होता. तिथून समुद्र पाच दिवस लांब. तरी दरबाराच्या यादीत त्या तालुक्याच्या नावावर कर म्हणून शिंपल्या लिहिलेल्या. शेतकऱ्यांनी कुठून तरी आणायच्या, कारकुनानं हुंगायच्या आणि म्हणायचं, "सडल्यात, परत न्या." फाटकाबाहेर दलाल बसलेला. तो तसल्याच माळा दहापट भावानं विकायचा, आणि त्या मात्र सडलेल्या नसायच्या. एका बाईनं त्यासाठी बैल विकला होता. बैल नेताना ती त्याच्या पाठीमागं वेशीपर्यंत चालत गेली. आणि प्योचा बाप? बाप चांगला माणूस, पण तोंड फिरवून बसायचा. रीतच ती, म्हणायचा.

ही रीत मोडली ती मंत्री ह्वांगबोंनी. वस्तू बंद, जमिनीप्रमाणे तांदूळ द्या. दलालांनी मारेकरी घातले, तरी माणूस हटला नाही. त्यानंतर त्या डोंगरात शिंपल्यांचा वास कुणाला आला नाही.

प्योनं कपाट उघडलं, वही काढली. आपलंच अक्षर होतं. "मंत्री ह्वांगबो वारले. दुष्काळात आपला कायदा फसला असं दिसू नये म्हणून त्यांनी तीन तालुक्यांच्या उपासमारीचे अर्ज दाबले. माणसं झाडाची साल खाऊन मेली. ज्या अधिकाऱ्यानं हुकुमाविना कोठार उघडलं, त्याला फटके मारून बेटावर धाडलं, तो तिथंच मेला."

तो अधिकारी म्हणजे प्योचा बाप.

एकूणएक अक्षर खरं होतं. पण शिंपल्यांचं कुठं होतं? बैलाचं कुठं होतं? बारा वर्षं तो हे पान उरात घेऊन फिरला होता, मी कुणाला भीत नाही म्हणून. आता बघितलं तर कुक भीतीनं खोटं लिहीत होता आणि हा रागानं. त्याला स्वतःचीच इतकी शिसारी आली, की अंगणात जाऊन थुंकून आला.

बायको चुलीपाशी होती. त्यानं तिला एवढंच सांगितलं की नोंद अपुरी आहे, भर घालतो.

"आज?" ती म्हणाली. "ओसरीवर माळा पडलेल्या, आणि आज भर? अहो, लोक काय म्हणतील!"

"म्हणजे, तो आला नसता तर लिहिलेलं चाललं असतं?"

"तो आला नसता तर तुम्ही लिहिलंच नसतं," ती म्हणाली, आणि विस्तवात फुंकर मारली.

खरंच होतं ते. त्यानं शाई घोटली. जुनी एकही ओळ खोडली नाही. खाली लिहिलं, "इतिहासकार म्हणतो: यांनी वस्तूंचा कर बंद केला, त्यानं डोंगरातली घरं वाचली. दुसऱ्या कुणाची छाती झाली नव्हती. पण कायद्यावर माणसापेक्षा जास्त माया केली, आणि कायदा वाचवायला माणसं मारली. एकानं दुसरं फिटत नाही. मरण पावलेला अधिकारी या लिहिणाऱ्याचा बाप. वाचणाऱ्यानं हे ध्यानात घेऊन वाचावं." आणि नाव घातलं.

मग माळा खांद्यावर टाकल्या आणि स्वतः चोलच्या फाटकाच्या आतल्या खुंटीला नेऊन अडकवल्या. गड्याच्या हाती दिल्या असत्या तर बरं झालं असतं. परतताना रिकाम्या हातानं त्या फाटकातून बाहेर पडला, तर समोर कुक.

"अरे वा," कुक म्हणाला. एवढंच म्हणाला.

टिपणं कचेरीत गेली. मंत्री वारले ती वर्षं कचेरीच्या दुसऱ्या विभागाकडं होती, तिथल्या म्हाताऱ्या प्रमुखानं प्योला एकदा बोलावलं. "वरचं आणि खालचं, दोन्ही तुझंच?" "माझंच." "बापाचं कशाला लिहिलंस?" "नाहीतर तराजूत माझा अंगठा राहिला असता." म्हाताऱ्यानं वही मिटली. "दोन्ही राहतील," म्हणाला.

दोन वर्षांनी इतिहास पुरा झाला, चार प्रती डोंगरातल्या कोठारांत गेल्या. राजालासुद्धा त्या बघायची मुभा नाही. मग रीतीप्रमाणं सगळी टिपणं, सगळे कच्चे खर्डे ओढ्यावर आणले. पाण्यात धुवून अक्षर घालवायचं आणि कागद कारखान्याला द्यायचा. वर खडकावर तंबू, दारू, भाजलेलं मांस. ओढा काळा वाहत होता.

कारखान्याचा प्रमुख म्हणून चोल हजर होताच. सगळ्यांसमोर तो प्योपुढं कमरेत वाकला. "प्यो दादा, तुमचे उपकार. माळा परत केल्यात, पण शब्द राखलात, मला कळलं."

त्याला काहीच कळलं नव्हतं. कळायची सोयच नव्हती. पण खडकावरची मंडळी माना वळवून बघत होती.

"काय भाव लागला रे?" कुक पेला घेऊन जवळ आला. "आम्ही भीतीपोटी फुकट विकलं. तू चांगला हुशार निघालास! बापाच्या मारेकऱ्याच्या पोराला विकलंस, ते पण चढ्या भावात."

प्योच्या पायाशी टोपली होती, धुणाऱ्या गड्यांनी अजून न उचललेली. वरच त्याची वही. उपासमार, फटके, बेट, सगळं त्याच्या अक्षरात. नुसतं उघडून कुकच्या थोबाडासमोर धरलं असतं तरी काम झालं असतं. पण दाखवणं म्हणजे गुन्हा. आणि दाखवून तरी कुणाला, कुकला? ज्यानं आपली वही देवांनी भरली, त्याच्याकडून खरेपणाचा दाखला घ्यायचा?

त्यानं वही उचलली, बाह्या सारल्या आणि गड्यांच्या शेजारी पाण्यात उतरला. पानं बुडवून दोन्ही तळव्यांनी चोळली. आधी खालची ओळ विरघळली, मग बापाची. हात कोपरापर्यंत काळे झाले.

"अहो, गडी आहेत त्याला," वरून चोल ओरडला. "वर या, दादा! तुमच्यासाठी खास शिंपल्या आणल्यात."

प्योनं ओला लगदा गड्याच्या टोपलीत टाकला, आणि तसल्या काळ्या हातांनीच घराची वाट धरली.