करंगळीवरचा एक

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. तेवीस वर्षं ते माझ्या टेबलाच्या खणात, लॉगॅरिथमच्या जुन्या तक्त्यात पडून होतं. पाठ झालं होतं, तरी मधूनमधून काढून वाचायचो.

"सर, सातच्या हजाराव्या घाताचा शेवटचा अंक एक येतो, असं तुम्हीच शिकवलंत. उत्तरसूचीत सात आहे आणि पहिल्या पानावर तपासनीस म्हणून तुमची सही आहे. माझी निवड एका गुणाने हुकली. मी कुठे चुकले, तेवढं सांगा. तुमची, करंगळी."

हे नाव मीच ठेवलं होतं. ती शिंप्याची मुलगी. घात मोजायची ते बोटांवर. सात, एकोणपन्नास, तीनशे त्रेचाळीस, दोन हजार चारशे एक. शेवटचे अंक सात, नऊ, तीन, एक, आणि पुढे पुन्हा सात. तर्जनीवर सात, मधल्या बोटावर नऊ, अनामिकेवर तीन, करंगळीवर एक. घाताला चारने भागायचं आणि बाकी उरेल त्या बोटावर थांबायचं.

"आणि बाकी शून्य उरली तर?" मी वर्गात विचारलं होतं. सगळे आपापल्या बोटांकडे बघत राहिले. ही म्हणाली, "मग फेरी पुरी झाली, सर. म्हणजे आपण करंगळीवर."

विशेष वर्गाच्या निवड परीक्षेचा पेपर माझ्या मित्राने काढला होता. कॉलेजपासूनचा मित्र, तो बोलायचा, मी मान हलवायचो. उत्तरं तपासायचं काम त्याने मला दिलं. हजाराला चारने भाग जातो, बाकी शून्य. त्याने लिहिलं होतं सात. फेरी संपली, म्हणजे नव्याने सुरू, असा त्याचा हिशेब. मी लगेच परीक्षा समितीच्या नावे चूक दाखवणारी चिठ्ठी लिहिली.

"बरं झालं बघितलंस," तो म्हणाला. "चिठ्ठी दे इकडे. आत मी दुरुस्त करतो, तू पहिल्या पानावर सही ठोक. छापखान्याचा माणूस दारात उभा आहे."

मी सही ठोकली.

सूची छापून आली ती सात घेऊनच. मी धावत गेलो. "समितीतल्या तिघांनी पाहिलं," तो म्हणाला. "तिघेही सातच म्हणतात. तू एकटाच शहाणा का?"

खरं सांगायचं तर तिघांपुढे मी डगमगलो. घरी येऊन पुन्हा मोजलं, दहादा मोजलं. दर वेळी एकच आलं, आणि दर वेळी वाटलं, आपलंच काही सुटत असेल. तिला काय लिहिणार होतो? पुढे पुस्तकांत सगळीकडे एकच सापडत गेलं. तोवर उशीर झाला होता, आणि मी त्या उशिराच्या आड लपलो.

गेल्या महिन्यात मित्राने घर बदललं. "तुझ्यासारख्या वाळवीला खाद्य," म्हणत त्याने पुस्तकांची चार खोकी पाठवली. तिसऱ्या खोक्यात एका भूमितीच्या पुस्तकात खुणेसाठी घडी घातलेला कागद होता. अक्षर माझं. समितीच्या नावे लिहिलेली ती चिठ्ठी. वर समितीचा शिक्का नाही, आवक क्रमांक नाही.

मी ती घेऊन त्याच्याकडे गेलो. तो नव्या भिंतीवर घड्याळ लावत होता.

"ही समितीत गेलीच नाही?"

त्याने ओळखली. "अरे, तू अजून तिथेच? आतली पानं आधीच छापून झाली होती, तुझ्या सहीचं पहिलं पान तेवढं बाकी होतं. पुन्हा छापा म्हटलं असतं तर माझं नाक कापलं गेलं असतं."

"आणि ते तिघे?"

"कोण तिघे?" तो म्हणाला. मग त्याला आठवलं. स्टुलावरून न उतरताच तो हसला. "तुझी समजूत घालायला काहीतरी म्हणायला हवं होतं. तुला तीन माणसं पुरतात, हे मला ठाऊक होतं."

तेवीस वर्षं मी त्या तिघांशी मनातल्या मनात वाद घालत होतो. ते नव्हतेच.

"मी तिला लिहिणार आहे," मी म्हटलं.

"काय लिहिणार? सही तुझी आहे, माझी नाही. घड्याळ सरळ आहे का, बघ जरा."

घड्याळ डावीकडे कललं होतं. मी जिना उतरलो.

उत्तर लिहायला चार दिवस आणि नऊ कागद लागले. आधीच्या आठांत मित्राचा दगा सविस्तर होता. वाचलं की वाटायचं, मी तिला उत्तर देत नाही, तिच्याकडे वकिली करतोय. त्याने मला फसवलं, खरं. पण तिने विचारलं होतं मला. नवव्यात एवढंच ठेवलं:

"तू कुठेही चुकली नाहीस. उत्तर एकच. सूची चुकीची होती. ते मला आधीच दिसलं होतं, आणि दुरुस्ती झाली का, हे न बघता मी सही केली. सोबत तेव्हाची चिठ्ठी आहे, ती हवी त्याला दाखव. तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, हा दगा माझा एकट्याचा."

तिच्या पत्राच्या पाठीमागचा पत्ता वडिलांच्या दुकानाचा होता. जाऊन पाहिलं. पाटी नवी आहे, आत तिचा भाऊ शिवतो. "ताई परगावी असते, गणित शिकवते," त्याने सांगितलं आणि खडूने कापडाच्या तुकड्यावर पत्ता लिहून दिला. काय काम होतं, ते त्याने विचारलं नाही.

पोस्टाच्या पेटीपाशी उगाचच बोटं मोजली. सात, नऊ, तीन, एक. मग पाकीट आत सोडलं.