चिकटवलेली पट्टी

जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा उरली नव्हती. बंद पडलेल्या छापखान्यावरच्या माझ्या माहितीपटातल्या चार मुलाखती मी शब्दन् शब्द टाइप केल्या होत्या. मग कात्रीनं त्यांच्या पट्ट्या केल्या. प्रत्येक पट्टीवर कोण बोलतंय आणि रेकॉर्डिंगमध्ये कितव्या मिनिटाला. बाबांच्या पिवळ्या. ते तिथले जुळारी, चिमट्यानं शिशाचे अक्षरांचे खिळे उचलून चाळीस वर्षं ओळी लावलेला माणूस. मुलाखतीनंतर तीन महिन्यांनी गेले.

आमची संपादिका, सगळ्यांची मास्तरीणबाई, संगणकावरच्या टाइमलाइनला आधी हात लावू देत नाही. "आधी गोष्ट कागदावर उभी कर. तिथं लंगडली तर पडद्यावर काय धावणार?"

ती दुपारी आली, चष्मा चढवून पट्ट्या क्रमानं मोठ्यानं वाचू लागली. शेवटच्या पिवळ्या पट्टीशी अडखळली.

"'माझ्या पोरीनं... काम चोख केलं.' अगं, एका वाक्याला दोन वेळा कशा? सहावं मिनिट आणि एकतिसावं?"

चोरी पकडली गेली होती. 'माझ्या पोरीनं' पुढे 'छापखान्यात पाऊल टाकलं नाही' असं होतं, आणि चोख काम बाबांच्या मदतनिसाचं होतं. बाबांनी माझ्या कामाला कधी बरं म्हटलं नाही. तेवढं एक वाक्य मला हवं होतं, म्हणून मी ते डिंकानं करून घेतलं.

"हे त्यांचं नाही, तुझं वाक्य आहे," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "टायपिंग कुठं थांबवलंस?"

"अडतिसाव्या मिनिटाला. 'झालं, बाबा' म्हटलं तिथं."

"आणि रेकॉर्डिंग?"

पाहिलं. एकेचाळीस मिनिटं. कॅमेरा बंद करायचा राहिला होता, आणि बाबा गेल्यावर पुढचं ऐकायचा मला धीर झाला नव्हता.

तिनं हेडफोन माझ्या कानाला लावले. खुर्ची करकरली. मी वायरी गुंडाळत होते. मग बाबांचा खोकला, आणि तो प्रेसमध्ये असायचा तसा ठाम आवाज:

"काही चुकलो असेन तर परत विचार. आणि हे बघ, जुळवून झालं की मला प्रूफ दाखव. दाखवल्याशिवाय छापायचं नाही."

"हो हो," मी तिथं म्हणतेय. लक्षच नव्हतं माझं.

असं ते फक्त हाताखालच्या जुळाऱ्यांना म्हणायचे. लहानपणी मी फाटकाशी डबा घेऊन उभी असे, तेव्हा आतून हेच ऐकू येई. मी रडले. मास्तरीणबाईनं बळंच खिडकीबाहेर पाहिलं.

डिंकाची पट्टी मी फाडली. पिवळ्या कागदावर बाबांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, पुढे मिनिट: एकोणचाळीस. ती सगळ्यात शेवटी ठेवली.

मग बाबांची खुर्ची टेबलाशी ओढली आणि पहिल्या पट्टीपासून सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं.