पाय उचला, अंकल

घाटकोपरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांचे कॉम्प्युटर तपासायचं काम मी करतो, आणि मला माझ्या हुशारीचा फार माज होता. तो आता उतरलाय.

मरोळ गावठाणातल्या इसिडोर अंकलची गाडी टोइंगवाल्याने मागच्या शेडमध्ये आणून टाकली होती. हायवेवर मुलुंडच्या अलीकडे उभ्या असलेल्या टँकरवर ती भर दुपारी आदळली. डाव्या सीटवर बसलेली त्यांची बायको फ्रेडा जागीच गेली. नवव्या दिवशी अंकल हात गळ्यात बांधून आले आणि स्टुलावर बसले.

"हर्षद, मला एकच सांग," ते म्हणाले. "गाडी बिघडली होती ना?"

त्यांना दुसरं काहीच नको होतं. बिघडली होती म्हटलं असतं तर त्या माणसाला रात्री डोळा लागला असता.

मी स्कॅनर जोडला. पुढच्या जाळीमागचा रडार टकरीत चेचला गेला होता, पण टकरीआधीचा एकही बिघाड मेमरीत नव्हता. काचेवरच्या कॅमेऱ्याचाही नाही. शेवटच्या पाच सेकंदांची नोंद मी तीनदा वाचली, कारण काहीतरी चुकलेलं सापडावं म्हणून मीही देव पाण्यात ठेवले होते.

क्रूझ, म्हणजे ठरवलेला वेग गाडी स्वतःच धरते ते, ताशी ७८ वर लावलेला. पुढे टेम्पो, म्हणून गाडी आपणहून ६२ वर आलेली. कॅमेरा पांढऱ्या पट्ट्या बघून गाडी लेनच्या अगदी मधोमध ठेवत होता. मग टेम्पोने टँकर बघून झटकन लेन बदलली. समोरून टेम्पो गेला, रस्ता मोकळा झाला असं समजून गाडीने वेग वाढवला. ६६. अगदी शेवटी कॅमेऱ्याने टँकर ओळखला, गाडीने स्वतः कचकन ब्रेक मारला, आणि तरीही ती ५१ वर आदळली. तोवर अंकलचा पाय ब्रेकवर नव्हता.

"त्याला टँकर दिसला नाय?" अंकलनी विचारलं.

"दिसला असणार, अंकल. पण रडारला रस्त्यावरच्या हजार उभ्या गोष्टी दिसतात. पूल, खांब, कठडे. प्रत्येकाला ब्रेक मारला तर गाडी चालणारच नाही. म्हणून क्रूझमध्ये तो हलणाऱ्या गाडीमागे जातो. आधीपासून उभी असलेली गाडी तो धरेलच याचा भरवसा नाही."

"आणि बंपरमधले ते गोल डोळे?"

"ते आवाजाच्या लहरींवर चालतात. दोन-चार मीटरपर्यंतच. पार्किंगला, हळू चालताना. त्या वेगाला काही उपयोग नाही."

मला वाटलं, आता उठतील. उठले असते तर बरं झालं असतं.

"पण तू मला दाखवलं होतंस ना," ते म्हणाले.

दाखवलं होतं. पहिल्या सर्व्हिसनंतर मीच त्यांना विक्रोळीच्या सिग्नलपर्यंत नेलं होतं. "पाय उचला, अंकल. नुसते बसा." पुढची गाडी हळू झाली, आमची झाली. ती थांबली, आमचीही थांबली. अंकल लहान मुलासारखे हसले. मी कॉलर ताठ केली. ती पुढची गाडी आमच्या डोळ्यांदेखत चालत होती, रडारने ती आधीच धरून ठेवली होती, म्हणून ती थांबल्यावर आम्ही थांबलो. उभ्या गाडीचं मी बोललोच नाही. माहीत होतं, पण पुढचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं, आणि झकास चाललेल्या खेळात खोट कोण काढणार? अर्ध्या हळकुंडाने मीच त्यांना पिवळं केलं होतं.

"अंकल, तेव्हा मी सगळं सांगितलं नाही," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

ते रागावले नाहीत. रागावायला हवं होतं. शिव्या घालायला हव्या होत्या. त्यांनी बऱ्या हाताने शर्टाच्या खिशातून गाडीच्या पुस्तकातलं एक फाटकं पान काढलं. एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली.

"फ्रेडा सगळं वाचायची," ते म्हणाले. "मिक्सरचं पुस्तक पण वाचायची. ही ओळ तिने मला वाचून दाखवली. उभी गाडी याला कळेलच असं नाय, पाय ब्रेकवर ठेव, म्हणाली. त्या दिवशी पण म्हणाली, टेम्पोच्या मागे असताना."

मी पान हातात घेतलं. मी तेव्हा गाळलेलं तेच त्या ओळीत होतं.

"मी तिला म्हटलं, तू गप बस. तुला काय कळतंय? हर्षदने मला दाखवलंय."